जाळी की काच : सांगलीतल्या एका पॉइंटची उलटतपासणी

रविवारची संध्याकाळ, सांगली-मिरज रस्त्यापासून जरा आत असलेलं पॅडलचं, म्हणजे काचेच्या भिंती आणि लोखंडी जाळीने वेढलेल्या जागेत खेळायच्या टेनिससारख्या खेळाचं कोर्ट. आमचा स्लॉट आठचा होता, म्हणून मी साडेसातलाच जाऊन बाहेरच्या बाकावर बसलो होतो. आत चौघं खेळत होते. एका बाजूला वैभव आणि प्रशांत, समोर संदीपदादा आणि त्यांचा पुतण्या निनाद. संदीपदादांनी आयुष्यभर टेनिस खेळलंय, निनाद बॅडमिंटनमधून आलाय आणि वैभव तर सरळ टेनिस बॉल क्रिकेटमधून. एक सेट झाला होता, दुसरा ५-५ वर आणि गेम ४०-४० वर. ॲडव्हान्टेज खेळायचा नाही, पुढचा पॉइंट जो घेईल त्याचा गेम, असं आधीच ठरलेलं. हरणाऱ्यांनी भडंग आणि चहा.

तो पॉइंट संपला तेव्हा चौघंही आपापल्या जागी हात वर करून उभे होते आणि चौघांचंही म्हणणं वेगळं होतं.

"आउट! तुमच्याच जाळीला लागला," संदीपदादा.

"काय राव दादा, जाळीच्या वरून गेला की! हातभर वरून," वैभव.

पहिला घोटाळा इथेच. संदीपदादा म्हणत होते ती बाजूची लोखंडी जाळी, वैभवने ऐकली ती मधली. आपल्याकडे नेटलाही जाळी म्हणतात आणि कोर्टाभोवतीच्या तारेच्या कुंपणालाही जाळीच. पॅडलमध्ये या दोन जाळ्यांचे नियम पूर्ण वेगळे आहेत, त्यामुळे आमच्या ग्रुपने त्या दिवसापासून ठरवलंय : मधली ती नेट, कडेची ती जाळी. पुढे मीही तसंच लिहितो.

दोघं एकाच जाळीबद्दल बोलायला लागले तरी वाद मिटला नाही, उलट खरा वाद तेव्हा सुरू झाला. मी बाहेर रिकामा बसलेला, शिवाय नियम वाचलेला म्हणून बदनाम, तेव्हा मला आत बोलावलं. प्रशांतने मोबाइल मागच्या काचेबाहेर स्टँडवर लावून व्हिडिओ चालू ठेवला होता, ते बरं झालं.

आधी पॉइंट काय झाला ते सांगतो.

वैभवने सर्व्ह केली. बॉल तिरक्या चौकोनात, सर्व्हिस लाइनच्या अलीकडे वीतभर पडला, तिथून बाजूच्या काचेला लागून आत आला. निनादने तो काचेवरून येऊ दिला आणि उंच लॉब मारला. लॉब नेटजवळ उभ्या प्रशांतच्या डोक्यावरून मागे गेला, टप्पा पडला, मागच्या काचेला लागून परत फिरला. प्रशांतने मागे पळत जाऊन तो खालून काढला. तो बॉल नेटवरून जेमतेम गेला आणि संदीपदादांनी तो टप्पा पडायच्या आत हवेतच उचलून वैभवच्या कोपऱ्यात दाबला. तिथे टप्पा, मग बाजूची काच, मग मागची काच, आणि बॉल कोपऱ्यातच मरायला लागला. वैभव कोपऱ्यात फार आत घुसला होता, कोपर मागे न्यायला जागाच उरली नव्हती, तोंड बाजूच्या काचेकडे. त्याने मनगटाने बॉल वर उचलून त्याच बाजूच्या भिंतीवर तिरका हाणला. बॉल भिंतीला लागला, वर गेला, नेट ओलांडून पलीकडच्या सर्व्हिस लाइनच्या आसपास पडला. संदीपदादा हात वर करून उभे राहिले, निनाद त्यांच्याकडे बघत उभा राहिला, आणि दुसरा टप्पा पडला.

निनादचं पहिलं म्हणणं असं की आपल्याच भिंतीवर बॉल मारून पलीकडे पाठवणं चालतच नाही. त्याचं दुसरं म्हणणं, चालत असलं तरी एकाच वेळी तीन-तीन काचा कशा चालतील? दोन आधीच लागल्या होत्या, ही तिसरी. संदीपदादांचं म्हणणं या दोन्हींपेक्षा नेमकं होतं : काचेला लागला असता तर मान्य, पण तो काचेच्या वर, जाळीला लागला. "खणखण आवाज आला. मी ऐकला."

निनादची दोन्ही म्हणणी चूक. संदीपदादांचा मुद्दा मात्र शंभर टक्के योग्य होता. नियम त्यांना बरोबर माहीत होता, फक्त त्या पॉइंटमध्ये घडलं काय हे पाहायचं होतं.

निनादच्या शंकेत नवख्या माणसाची सगळी गोची आहे, म्हणून तिच्यावर आम्ही थोडा वेळ घालवला. टेनिसमधून किंवा बॅडमिंटनमधून आलेल्याच्या डोक्यात कोर्टाची हद्द म्हणजे जमिनीवरची रेघ, आणि रेघेपलीकडे जे काही आहे ते मैदानाबाहेरचं. पॅडलमध्ये भिंत हा कोर्टाचाच भाग आहे. हा खेळ १९६९ साली मेक्सिकोतल्या अकापुल्कोत एन्रिके कोर्क्वेरा यांनी आपल्या घरच्या आवारात सुरू केला, तो भिंतींसकटच. म्हणून बॉल काचेला लागला का हा प्रश्न अर्धाच राहतो. तो कुणाच्या फटक्यावर लागला, आणि टप्प्याच्या आधी की नंतर, हे पण विचारावं लागतं.

समोरच्याने मारलेला बॉल तुमच्या बाजूला येतो तेव्हा आधी जमिनीवर टप्पा पडलाच पाहिजे. टप्पा न पडता तो थेट तुमच्या काचेला किंवा जाळीला लागला, तर मारणाऱ्याचा पॉइंट गेला. तुम्ही मध्ये पडायचं कारण नाही, बाजूला व्हा आणि जाऊ द्या. पण एकदा का टप्पा पडला, की मग तो काचेला लागो, जाळीला लागो, एकीला लागो की दोघींना, बॉल जिवंत असतो. दुसरा टप्पा पडेपर्यंत तुम्हाला तो मारता येतो. काचेचा स्पर्श टप्प्यात धरत नाहीत. निनाद नेमकं तेच करत होता, मनातल्या मनात "टप्पा, काच, काच" असं तीनपर्यंत मोजत होता. जमिनीवरचे टप्पे मोजायचे, भिंती मोजायच्या नाहीत. वैभवच्या कोपऱ्यात जमिनीवर एकच टप्पा होता, म्हणजे बॉल जिवंत.

आता तुमच्या रॅकेटवरून सुटलेला बॉल. तो थेट नेटवरून पाठवा, किंवा आपल्याच बाजूच्या काचेवर मारून तिच्यावरून पलीकडे पाठवा, दोन्ही कायदेशीर. स्पॅनिश खेळाडू याला कोंत्रापारेद म्हणतात. अट एवढीच की काचेला लागल्यावर बॉल आपल्या बाजूला जमिनीवर पडता कामा नये, आपल्याला किंवा पार्टनरला लागता कामा नये, आणि नेट ओलांडून पलीकडे आधी जमिनीवरच पडला पाहिजे. पण आपल्या रॅकेटवरून सुटलेला बॉल आपल्या बाजूच्या लोखंडी जाळीला लागला, तर पॉइंट तिथेच गेला, मग तो पुढे नेट ओलांडून कितीही सुंदर जागी पडो.

तीच जाळी, तोच बॉल. समोरून येऊन टप्प्यानंतर जाळीला लागला तर खेळ चालू, तुमच्या रॅकेटवरून जाळीला लागला तर खेळ संपला. संदीपदादांनी हेच पकडलं होतं.

सर्व्हला जाळीचा तिसरा नियम आहे, तो इथे सांगून टाकतो, कारण त्याच पॉइंटच्या सर्व्हवरही निनादने मागाहून शंका काढली. (हरणारा माणूस पॉइंट पार पहिल्यापासून उकरतो.) सर्व्ह चौकोनात पडून काचेला लागली तर चांगली, पण दुसऱ्या टप्प्याआधी जाळीला लागली तर फॉल्ट. नेटला घासून चौकोनात पडलेली सर्व्ह एरवी पुन्हा घेतात, पण तशी पडून ती जाळीला गेली तर तोही फॉल्टच. आणि सर्व्ह हवेतच मारायची नाही, टप्पा पडू द्यावाच लागतो.

वैभवची सर्व्ह काचेला लागली होती हे कोर्टाच्या मापावरूनच सांगता येतं. कोर्ट २० मीटर लांब, १० मीटर रुंद, म्हणजे नेटपासून मागची काच १० मीटरवर. सर्व्हिस लाइन नेटपासून ६.९५ मीटरवर, म्हणजे तिच्यामागे काचेपर्यंत उरले ३.०५ मीटर. बाजूची काच मागच्या कोपऱ्यापासून फक्त ४ मीटर पुढे येते, पुढे नेटपर्यंत सगळी जाळीच. म्हणजे नेटपासून पहिले ६ मीटर कडेला जाळी आणि त्यानंतर काच. सर्व्हचा चौकोन ६.९५ ला संपतो. याचा अर्थ कडेला टाकलेली सर्व्ह आखूड पडली तर ती जाळीला जायची शक्यता फार, आणि लाइनजवळ खोल पडली तर पुढे जाऊन काचेलाच लागणार. वैभवची लाइनच्या वीतभर अलीकडे पडलेली. काच. विषय संपला.

आता मुख्य विषयाकडे, त्या बाजूच्या भिंतीकडे. माझ्या मते सगळ्या वादाचं मूळ तिच्या आकारात आहे.

मागची भिंत सरळ असते, ३ मीटर उंच काच आणि तिच्यावर १ मीटर जाळी. बाजूची भिंत मात्र पायरीची आहे. कोपऱ्यापासून पहिले २ मीटर काच ३ मीटर उंच, पुढचे २ मीटर काच फक्त २ मीटर उंच, आणि त्या बुटक्या काचेच्या वर जाळी. बाहेरून बघताना ही पायरी सगळ्यांना दिसते. आत खेळताना कुणाच्या लक्षात राहत नाही. कोपऱ्यात उभं राहून तुम्ही बॉल तिरका नेटच्या दिशेने उचलता, तेव्हा तो भिंतीला लागतो ती जागा तुमच्या समोर नसते, दीड-दोन मीटर पुढे असते. म्हणजे बहुतेक वेळा बुटक्या काचेवर. तुमच्या डोक्यात ३ मीटरची काच, प्रत्यक्षात लक्ष्य २ मीटरचं.

वैभव मागच्या काचेपासून साधारण मीटरभर आणि बाजूच्या काचेपासून हातभर अंतरावर होता. व्हिडिओत बॉल भिंतीला लागला ती जागा बुटक्या काचेच्या हद्दीत येत होती, हे तिच्या उभ्या सांध्यावरून कळत होतं. राहिला प्रश्न उंचीचा. काचेच्या कडेखाली की कडेवर?

साध्या व्हिडिओत एका सेकंदाला ३० चित्रं येतात. बॉल काचेला टेकतो तो क्षण त्यांतल्या दोन चित्रांच्या मधेच कुठेतरी घडून गेलेला असतो. आमच्याही व्हिडिओत एका चित्रात बॉल भिंतीच्या अलीकडे, पुढच्यात भिंतीपासून सुटून वर निघालेला. थांबवून, मोठं करून, चौघांनी डोकी एकत्र आणून बघितलं, काही उपयोग नाही. आवाज लावला. आवाज खरंच खणखणीत होता आणि त्याच्या मागे जाळीची झणझण. संदीपदादा माझ्याकडे बघून हसले.

पण एकट्या आवाजावर मी निकाल देत नाही. काच लोखंडी चौकटीत बसवलेली असते आणि तीच चौकट वरची जाळीही धरून असते. बॉल काचेच्या वरच्या कडेजवळ जोरात आदळला की चौकट हादरते आणि जाळी वाजते. मी त्यांना तिथेच करून दाखवलं. बुटक्या काचेवर मध्यभागी बॉल मारला तर नुसता "टक्". कडेखाली चार बोटं मारला तर "टक्" आणि मागून "झण्". थेट जाळीवर मारला तर "टक्" नाहीच, सगळा आवाज जाळीचाच, आणि बॉल जागच्या जागी मलूल होऊन खाली.

या शेवटच्या गोष्टीनेच निकाल लागला. जाळीच्या तारा बॉलचा वेग खातात, आणि तो तारेच्या गाठीवर पडला की सपाट भागावर, यावर तो कुठे उडेल हे ठरतं. जाळीवरून बॉल सरळ, वेगाने, अंदाज बांधता येईल असा येत नाही. काचेवरून तो ज्या कोनात गेला त्याच कोनात बाहेर येतो, थोडाफार फिरकीचा फरक. वैभवचा बॉल भिंतीला लागून पुढे नेटपर्यंत सातेक मीटर, आणि नेटपलीकडे आणखी सातेक मीटर उडाला होता, तोही उंच कमानीत. व्हिडिओत भिंतीआधीची आणि नंतरची दिशा बोटाने रेघ ओढून बघितली, तर आरशासारखी जुळत होती. मनगटाने उचललेला बॉल जाळीला लागून इतका लांब जात नाही.

मग निनाद काचेपाशी गेला आणि म्हणाला, "इथे डाग आहे." बुटक्या काचेच्या वरच्या कडेखाली साधारण दोन बोटं, धुळीत उमटलेला गोल, केसाळ ठसा. उन्हाळ्यात सांगलीच्या कोर्टावर बॉल धुळीने माखलेले असतात आणि काचांवर असे ठसे जागोजागी असतात, त्यामुळे एकट्या ठशाला मी पुरावा म्हटलं नसतं. पण दिशा, वेग आणि ठसा तिन्ही एकाच जागी येत होते.

पॉइंट वैभव-प्रशांतचा. संदीपदादांनी मान हलवली आणि म्हणाले, "दोन बोटांनी वाचला."

त्यांना मी आणखी एक गोष्ट सांगितली, आणि ती त्यांना निकालापेक्षा जास्त लागली. बॉल त्यांच्या सर्व्हिस लाइनपाशी टप्पा घेऊन मागच्या काचेकडे गेला होता, वेग फार नव्हता. काचेवरून परत आलेला तो बॉल निनादला सहज मिळाला असता. दोघंही आउट समजून थांबले. पंच नसलेल्या खेळात शंका असली तरी आधी बॉल परत मारायचा, मग भांडायचं. जाळी ठरली असती तरी पॉइंट तुम्हालाच मिळाला असता, आणि काच ठरली म्हणून तुम्ही पॉइंटमध्ये तरी राहिला असता.

आता वैभवबद्दल. पॉइंट मिळाला म्हणून फटका बरोबर होता असं नाही. तो फटका त्याला मारावा लागला, कारण आधीची दोन पावलं चुकली होती. संदीपदादांनी कोपऱ्यात बॉल दाबला तेव्हा तो बॉलच्या मागे कोपऱ्यात पळाला. सवय क्रिकेटची, बॉल जातोय तिकडे धावायचं. काचेच्या खेळात बॉल जातो तिकडे नाही, परत येणार तिकडे जायचं. बाजूची काच मग मागची काच असा येणारा बॉल शेवटी कोपऱ्यातून बाहेर, कोर्टाच्या मध्याकडे येतो. वैभवने बॉलला आपल्या बाजूने आत जाऊ द्यायचं, त्याच्याबरोबर अंग वळवायचं आणि मध्याकडे एक-दोन पावलं सरकायचं होतं. रॅकेट खाली, गुडघ्याच्या उंचीला, आधीच तयार. काचेवरून बॉल सुटून समोर आला की खालून वर लांब फटका, उंच लॉब. काचेपासून हात आणि रॅकेट मिळून जेवढी लांबी होते तेवढं तरी अंतर हवं, नाहीतर कोपर अडकतं आणि मग मनगटाचे खेळ सुरू होतात.

अर्थात संदीपदादांनी दाबलेल्या त्या बॉलमध्ये जीव कमी होता. नेटजवळून हळू कापून टाकलेला बॉल काचेवरून फार बाहेर येत नाही, कोपऱ्यातच बसतो. तेव्हा थांबून वाट बघणाऱ्याचीही पंचाईत होते. हे ओळखायचं टप्प्यावरून. टप्पा पडून बॉल खाली-खाली सरकतोय, उसळत नाही, तर काचेवरून तो येणार नाही असं धरायचं आणि शक्य असेल तर काचेला लागायच्या आधीच, टप्प्याबरोबर उचलायचा. बॉल गुडघ्याच्या वर उसळून काचेकडे जातोय तर निवांत जाऊ द्या, तो परत येतो.

आणि खरंच स्वतःच्या काचेवर मारायची वेळ आली, तर माझं मत असं की बाजूची भिंत सोडा, मागची घ्या. ती १० मीटर रुंद, सगळीकडे ३ मीटर उंच, पायरी नाही. नेटकडे पाठ करून काचेपासून दोन-तीन पावलांवर, रॅकेटचा चेहरा आकाशाकडे उघडून, काचेवर डोक्याच्या उंचीच्या आसपास खालून वर मारला की बॉल तुमच्या डोक्यावरून उलटा लॉब होऊन जातो. फार जवळून मारला तर परत येऊन तुमच्याच पाठीत बसतो, आणि मग पॉइंटही जातो. मला हे दोनदा झालंय, एकदा मानेवर.

त्या संध्याकाळी आमचा स्लॉट दहा मिनिटं उशिरा सुरू झाला. तेवढ्या वेळात निनाद बाजूच्या कोर्टावर प्रशांतकडून हाताने बॉल टाकून घेत होता : टप्पा, काच, आणि दुसरा टप्पा पडायच्या आत हाताने झेल. रॅकेट नाही, फक्त झेल. पहिले सहा-सात त्याच्या मागे पडले, कारण तो काचेला चिकटून उभा होता. मग एकेक पाऊल पुढे सरकत गेला आणि झेल हातात यायला लागले.

पुढच्या रविवारी वैभवने परत तोच फटका मारला, तोच कोपरा, तीच बाजूची भिंत. या वेळी आवाजात "टक्" नव्हता, नुसती झणझण, बॉल कसाबसा नेट ओलांडून पलीकडे पडला. समोरचे दोघं खेळायला धावले. वैभवने स्वतःच हात वर केला आणि म्हणाला, "जाळी. कडेची."